पँटूम: परत येणाऱ्या ओळींची कविता, आणि पानशेतची एक आठवण

जुलैत खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि पुण्यातल्या जुन्या घरांत पानशेतचा विषय निघतो. मग पूर न पाहिलेली नातवंडं आजी-आजोबांच्या आठवणींवर कविता लिहायला घेतात. बहुतेक कविता एकाच ठिकाणी अडतात. आजी जे सांगते ते चार-पाच वाक्यांचंच असतं. ती तेवढीच वाक्यं आलटून पालटून सांगते, मध्ये थांबते, परत पहिल्यावर येते. कविता लिहिणारा मात्र त्यातून सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट काढू पाहतो, आणि आजीचं बोलणं त्यातून निसटतं.

अशा आठवणीसाठी एक तयार रचना आहे. तिचं नाव पँटूम. कार्यशाळांमुळे हे नाव हल्ली कानावर पडतं, पण नियम ऐकला की लोक गोंधळतात, कारण तो तोंडी सांगितला तर गणितासारखा वाटतो. कागदावर मांडला तर पाच मिनिटांत कळतो.

नियम काय आहे

पँटूम चार-चार ओळींच्या कडव्यांत असते. प्रत्येक कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी होऊन परत येते. म्हणजे पुढच्या कडव्यात दोनच ओळी नव्या लिहायच्या, दुसरी आणि चौथी. शेवटच्या कडव्यात मात्र नवं काहीच लिहायचं नाही. तिथे दुसऱ्या जागी कवितेची तिसरी ओळ येते आणि चौथ्या जागी कवितेची अगदी पहिली ओळ. जिथून सुरुवात केली तिथेच कविता संपते.

चार कडव्यांची पँटूम अक्षरांनी मांडली तर अशी दिसते:

पहिलं कडवं: क ख ग घ
दुसरं: ख च घ छ
तिसरं: च ज छ झ
चौथं: ज ग झ क

ओळी सोळा, पण लिहायच्या आठच. प्रत्येक ओळ बरोबर दोनदा येते. हाताने टीप घालताना सुई पुढे जाते, मग मागच्या टाक्यापाशी परत येते आणि तिथून पुन्हा पुढे निघते. पँटूमची चाल तशीच आहे, आणि म्हणूनच ती सहज उसवत नाही.

रचना मूळची मलय भाषेची. तिकडे पंतून हा चार ओळींचा लोकप्रकार आहे. आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणत, तसे ते पंतून प्रसंगानुसार म्हणतात. इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन्ही देशांच्या वतीने युनेस्कोने २०२० साली त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. एका पंतूनमधल्या ओळी पुढच्या पंतूनमध्ये ओवत नेण्याची साखळीही मलयमध्येच होती. १८२९ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या एका संग्रहाच्या टिपांमध्ये अशा साखळीचा फ्रेंच अनुवाद छापला गेला आणि तिथून ती युरोपात पसरली.

मलय पंतूनची एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. त्याच्या पहिल्या दोन ओळींत बाहेरचं चित्र असतं, झाड, नदी, पाखरू असं काही. पुढच्या दोन ओळींत माणसाचं म्हणणं असतं. दोन्हींचा संबंध उघड सांगितलेला नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग हे ध्रुवपदच झालं की

ही शंका हमखास येते, आणि रास्त आहे. अभंगात ध्रुवपद परत येतं, गझलेत रदीफ परत येतो. मराठी कान पुनरावृत्तीला सरावलेला आहे.

फरक जागेचा आहे. ध्रुवपद दर वेळी त्याच जागी, कडव्याच्या शेवटी येतं. आपण त्याची वाट पाहतो आणि ते आलं की विसावतो. पँटूममधली ओळ जागा बदलून येते. आधी ती एखाद्या वाक्याचा शेवट असते, परत येते तेव्हा तिच्यापासून नवं वाक्य सुरू होतं. तिच्या आधीचा शेजार बदलतो, नंतरचाही बदलतो. शब्द तेच असले तरी शेजार बदलला की अर्थ हलतो. पँटूमचं सगळं काम या शेजारावर चालतं.

एक कविता बांधून पाहू

उदाहरणासाठी पानशेतचाच दिवस घेऊ. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेत धरण अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं. ते सकाळी फुटलं. ते पाणी खडकवासल्यात आलं आणि दुपारी खडकवासल्याचं धरणही फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, लकडी पूल बुडाला. घरं गेलेल्या कुटुंबांना पुढे गोखलेनगरसारख्या वसाहतींत हलवलं गेलं. कवितेतली आजी आणि तिचं घर कल्पित आहे.

पहिला प्रश्न असा की एवढी माहिती कवितेत बसवायची कुठे? बऱ्याच जणांची पहिली ओळ अशी असते: ‘बारा जुलैला सकाळी पानशेत फुटलं.’ ओळ खरी आहे, पण पँटूमला ती चालत नाही, कारण ती परत येईल तेव्हाही बारा जुलैच असेल आणि पानशेतच फुटलेलं असेल. शेजार कितीही बदला, ती हलत नाही. ‘त्या दिवशी आमचं सगळं गेलं’ हीदेखील तशीच. तिने अर्थ आधीच पुरता सांगून टाकलेला आहे, दुसऱ्या वेळी भर घालायला काही उरत नाही. तारीख आणि ठिकाण शीर्षकात द्यावं. शीर्षक परत येत नाही, म्हणून माहितीचा भार तिथे ठेवता येतो.

आता ओळी. मी सुरुवात पहिल्या आणि तिसऱ्या ओळीपासून करीन, म्हणजे क आणि ग. कारण या दोनच ओळी शेवटच्या कडव्यात परतणार आहेत. त्या दोन्ही अशा हव्यात की पहिल्यांदा साध्या वाटाव्यात आणि शेवटी जड व्हाव्यात.

पूर पाहिलेली माणसं भिंतीवर हात ठेवून एक वाक्य हमखास म्हणतात, ‘इथपर्यंत आलं होतं.’ काय आलं होतं ते म्हणत नाहीत, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. ती क. आणि ग म्हणून त्या दुपारचा एक आवाज घेऊ, ‘वर चला.’ त्यांच्यामध्ये भिंतीवरची रेघ आणि घाईत हाती लागलेली वस्तू ठेवली की पहिलं कडवं झालं.

पुढची पद्धत अशी. ख आणि घ या ओळी खाली उतरवून घ्यायच्या आणि मधल्या रिकाम्या जागांकडे पाहायचं. ख होती ‘भिंतीवर अजून एक ओली रेघ आहे.’ तिच्याखाली काय येईल? रेघ परत परत उमटते. घ होती ‘हाती फक्त दुधाचं पातेलं होतं.’ इथे मी बराच थांबीन, कारण ही ओळ स्वतःहून एक प्रश्न विचारते आहे. हातात पातेलं होतं, तर मग काय नव्हतं? पुढची ओळ या प्रश्नाच्या उत्तराची हवी. अशा रीतीने पुरी झालेली कविता:

*१२ जुलै १९६१, नारायण पेठ*

इथपर्यंत आलं होतं, आजी हात टेकवून सांगते.
भिंतीवर अजून एक ओली रेघ आहे.
दुपारी कुणीतरी ओरडलं, वर चला.
हाती फक्त दुधाचं पातेलं होतं.

भिंतीवर अजून एक ओली रेघ आहे,
कितीही झाकली तरी पावसात वर येते.
हाती फक्त दुधाचं पातेलं होतं;
धाकटं कुणाच्या कडेवर होतं, आठवत नाही.

कितीही झाकली तरी पावसात वर येते.
त्या दिवसाचं ती एवढंच बोलते:
धाकटं कुणाच्या कडेवर होतं, आठवत नाही.
गळ्याशी येतं आणि तिथेच थांबतं.

त्या दिवसाचं ती एवढंच बोलते:
दुपारी कुणीतरी ओरडलं, वर चला.
गळ्याशी येतं आणि तिथेच थांबतं.
इथपर्यंत आलं होतं, आजी हात टेकवून सांगते.

अर्थ कुठे बदलला

दुधाच्या पातेल्याची ओळ पाहा. पहिल्या कडव्यात ती पळापळीतला एक तपशील आहे. घाईत माणूस काहीही उचलतो, त्यातलीच गोष्ट. दुसऱ्या कडव्यात तिच्याखाली धाकट्याची ओळ आली आणि पातेल्याचा अर्थ पालटला. आता ते न उचललेल्या मुलाच्या जागी हातात आहे. ओळीतला एकही शब्द बदललेला नाही.

धाकट्याची ओळही दोनदा येते. दुसऱ्या कडव्यात ती गोंधळाची वाटते. घरात माणसं बरीच होती, मूल कुणीतरी घेतलं असेलच, नेमकं कुणी ते आठवत नाही. तिसऱ्या कडव्यात तीच ओळ ‘त्या दिवसाचं ती एवढंच बोलते’ याच्या पाठोपाठ येते. एवढ्या मोठ्या दिवसातलं आजी एवढंच बोलत असेल, तर मूल कुणाच्याच कडेवर नव्हतं हे वाचणाऱ्याला उमगतं. कवितेने ते कुठेही सांगितलेलं नाही आणि सांगू नये.

आता मघाचा मलय पंतून आठवा. आपल्या कवितेत प्रत्येक कडव्याच्या पहिल्या दोन ओळी आजच्या आहेत: भिंत, रेघ, सांगणारी आजी. नंतरच्या दोन त्या दुपारच्या आहेत: हाक, पातेलं, मूल आणि गळ्याशी येणारं ते. अक्षरांची मांडणी पुन्हा पाहिलीत तर दिसेल की हे दोन धागे एकमेकांत मिसळतच नाहीत. क, ख, च, ज हा एक धागा वरून चालतो, ग, घ, छ, झ हा दुसरा खालून. तीन कडवी ते शेजारी शेजारी चालतात. चौथ्या कडव्यात ग वरच्या जोडीत शिरते आणि क खालच्या जोडीत. म्हणजे त्या दुपारची हाक आजच्या बोलण्यात ऐकू येते, आणि आजच्या आजीचा हात त्या दुपारच्या पाण्यात पोचतो.

शेवटच्या कडव्यात पहिली आणि तिसरी ओळ उलटून घालण्याचा नियम अनेकांना निव्वळ शोभेचा वाटतो, पण त्याचं खरं कारण हे आहे. तो दोन काळांची अदलाबदल घडवतो. म्हणून आठवणीच्या कवितेत सुरुवातीलाच एक धागा आजचा आणि एक तेव्हाचा ठेवावा. दोन्ही धागे भूतकाळातले असले तर शेवटी ओळी जागा बदलतात, पण काही घडत नाही.

मराठीत हे जास्त चांगलं का जमतं

‘इथपर्यंत आलं होतं’ या वाक्यात कर्ता नाही. मराठीत तो गाळला तरी वाक्य उभं राहतं, फक्त क्रियापद लिंग सांगून जातं. इथे ते नपुंसकलिंगी आहे. पाणी नपुंसकलिंगी, आणि रडूही नपुंसकलिंगी. मुलाचं नाव, तेही. पहिल्या कडव्यात शेजारी भिंत आहे, म्हणून पाणी आलं. शेवटी शेजारी गळा आहे, म्हणून आजीचा हात आता भिंतीवर नसून गळ्यावर टेकलेला दिसतो, आणि इथपर्यंत आलं होतं ते रडू. ‘पाणी इथपर्यंत आलं होतं’ असं लिहिलं असतं तर हे दार बंद झालं असतं.

रेघेचंही तसंच. ‘कितीही झाकली तरी पावसात वर येते’ ही ओळ दुसऱ्या कडव्यात रेघेबद्दल आहे, कारण रेघ आत्ताच येऊन गेली. तिसऱ्या कडव्यात ती कडव्याच्या सुरुवातीला एकटी उभी आहे. तिथे ती आठवणीबद्दल वाचता येते, कारण आठवणही स्त्रीलिंगी.

तेव्हा ओळ लिहिताना मनात एकच नाम ठेवू नका. ओळ कशाबद्दल आहे आणि परत येईल तेव्हा कशाबद्दल असावी, अशी दोन नामं ठरवा. दोन्ही एकाच लिंगाची निवडा आणि ओळीत एकही लिहू नका. डाग म्हटलं असतं तर तो पुल्लिंगी झाला असता, ‘वर येतो’ लिहावं लागलं असतं, आणि आठवण त्यात बसली नसती. रेघ हा शब्द मी त्यासाठीच निवडला.

याचा अतिरेकही होतो. सगळ्याच ओळींतले कर्ते गाळले तर वाचणाऱ्याला पहिल्यांदाही काही धरता येत नाही, कविता कोड्यासारखी होते. पहिल्या वाचनात प्रत्येक ओळीचा एक साधा, सरळ अर्थ लागलाच पाहिजे. दुसरा अर्थ त्या पहिल्यावर उभा राहतो.

यमक आणि वृत्ताचं काय

मलय पंतूनमध्ये एकाआड एक ओळींचं यमक असतं. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून ‘सांगते, येते, बोलते’ असं यमक फुकट मिळतं, आणि फुकटचं असल्यानं लवकर कंटाळवाणं होतं. पुनरावृत्तीचा नाद आधीच भरपूर आहे. त्यावर यमक चढवलं तर आजीचं बोलणं बडबडगीतासारखं वाटू लागतं. मी ते सोडून देईन. ओळींची लांबी मात्र साधारण सारखी ठेवीन, कारण फार लांब ओळ दुसऱ्यांदा वाचायला नको वाटते.

परत येताना ओळ बदलली तर चालते का

विरामचिन्ह खुशाल बदला. आपल्या कवितेत रेघेच्या ओळीनंतर आधी पूर्णविराम आहे, मग स्वल्पविराम. पातेल्याच्या ओळीनंतर अर्धविराम आला, त्यामुळे ती धाकट्याच्या ओळीला टेकली. एवढ्याने बरंच साधतं.

शब्द बदलायची वेळ आली तर मी आधी शंका घेईन. बहुतेकदा त्याचा अर्थ असा असतो की ओळ मुळात चुकीची निवडली गेली आहे. ‘आठवत नाही’चं दुसऱ्या वेळी ‘सांगवत नाही’ करण्याचा मोह होईल. पण मग वाचणाऱ्याने स्वतः ओळखायची गोष्ट कवीने सांगितली, आणि आजीच्या तोंडून तिने न म्हटलेलं वाक्य घातलं. ती ‘आठवत नाही’ एवढंच म्हणते. त्या शब्दावर आपण विश्वास ठेवायला हवा.

ओळ जिवंत आहे की नुसतीच परत आली आहे, हे तपासायची एक खात्रीची रीत आहे. परत आलेल्या ओळीवर बोट ठेवून ती झाकायची आणि कडवं तिच्याविना वाचायचं. काहीच उणं वाटलं नाही तर ती ओळ मेलेली आहे. मग तिच्याखालची नवी ओळ बदलून पाहावी. दोष जुन्या ओळीत वाटतो, पण तो बहुधा तिच्या नव्या शेजाऱ्यात असतो.

चार कडव्यांत सगळं मावतं का

कडव्यांना मर्यादा नाही. पाच केली तर दहा ओळी लिहायच्या, सहा केली तर बारा. समजा गोखलेनगरचं नवं घर कवितेत आणायचं आहे. सहज सुचतं ते असं की शेवटच्या कडव्याच्या आधी एक कडवं घालावं. पण मग त्यातल्या दोन नव्या ओळी शेवटच्या कडव्यात उतरतात, ‘गळ्याशी येतं’ ही ओळ एक कडवं मागे राहते, आणि ‘इथपर्यंत आलं होतं’च्या शेजारी ती उरत नाही. हात गळ्यावर टेकतच नाही.

त्याऐवजी नव्या ओळी मध्ये घालता येतात, च आणि ज यांच्यामध्ये एक, छ आणि झ यांच्यामध्ये एक. शेवटचं कडवं मग जसंच्या तसं राहतं. पण त्याचीही किंमत आहे. ‘पावसात वर येते’ आणि ‘एवढंच बोलते’ या ओळी लांब जातात, आणि रेघेची आठवण होण्याची जागा नेमकी तीच होती. ‘आठवत नाही’ आणि ‘गळ्याशी येतं’ यांचाही सांधा सुटतो. नवं घर आणायचं असेल तर त्याच्या ओळीला रेघेशीही जुळावं लागेल आणि आजीच्या गप्प राहण्याशीही. ‘नव्या घराची भिंत कोरी होती’ ही ओळ मी तिथे लावून पाहिली. रेघेशी ती छान जुळते, पण ‘कोरी’ हा शब्द आजीच्या तोंडचा वाटत नाही, म्हणून मी कविता चार कडव्यांचीच ठेवली.